कारल्याचा ज्यूस आणि शुगरची गोळी: काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे, सांगलीत आमचं छोटंसं मेडिकल दुकान आहे आणि गेली सतरा वर्षं मी काउंटरच्या आत उभी आहे. शुगरच्या गोळ्या घेताना लोक जे विचारतात त्यात कारल्याचा नंबर पहिला. दरवेळी तेच तेच सांगून घसा कोरडा पडतो म्हणून एकदाचं लिहून काढलं, आता कोणी विचारलं की लिंक पाठवून देते. मी डॉक्टर नाहीये, तुमची गोळी बदलायचं काम तुमच्या डॉक्टरांचं, ते इथे वाचून करू नका.

कारल्याच्या ज्यूसने शुगर खरंच कमी होते का? हो की नाही ते एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येत, हीच तर गोची आहे. थोडी होत असावी, पण किती आणि कोणाची ते धड कोणाला दाखवता आलेलं नाहीये.

कारल्यात शुगरवर काम करतील असे काही घटक आहेत हे खरंय. चॅरँटिन नावाचा एक आहे, आणि दुसरा एक प्रथिनाचा आहे ज्याला पॉलिपेप्टाइड-पी म्हणतात, लोक त्यालाच "वनस्पतीतलं इन्सुलिन" म्हणून फॉरवर्ड करत असतात. हे दुसरं प्रकरण आपल्याकडचंच, जयपूरच्या राजस्थान विद्यापीठातल्या लोकांनी 1981 साली त्यावर पेपर लिहिला होता. पण फॉरवर्डमध्ये एक गोष्ट गाळलेली असते, ती म्हणजे त्यांनी ते कारल्यातून वेगळं काढून इंजेक्शनने दिलं होतं. प्रथिन तोंडाने घेतलं की पोटात डाळीच्या प्रथिनासारखंच पचून जातं, म्हणून तर इन्सुलिनची गोळी मिळत नाही आणि टोचून घ्यावं लागतं. तेव्हा त्या पेपरवरून ग्लासभर ज्यूसबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मग माणसांवर अभ्यास झालेच नाहीत का?

झालेत, पण बहुतेक छोटे आणि थोड्या दिवसांचे, आणि मुख्य म्हणजे त्यातल्या चांगल्या अभ्यासांत ज्यूस नव्हताच, सुकवलेल्या कारल्याच्या कॅप्सूल होत्या.

दोन सांगते. फिलिपिन्समध्ये कारल्याला आपल्यासारखंच घरोघरी मान आहे, ते त्याला अंपलाया म्हणतात आणि त्याचा चहासुद्धा पितात. तिथे 40 पेशंट घेऊन तीन महिने कॅप्सूल दिल्या, निम्म्यांना खऱ्या आणि निम्म्यांना बिनऔषधाच्या, आणि शेवटी एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी, करून बघितली. फरक निघाला 0.22 टक्के, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल इतका. हा 2007 चा अभ्यास. मग 2011 मध्ये थायलंडचा आला, त्यात कारल्याची पावडर रोज 2000 मिलिग्रॅम एका गटाला आणि शुगरची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन 1000 मिलिग्रॅम दुसऱ्या गटाला, चार आठवडे. शुगर कारल्यानेही थोडी उतरली पण मेटफॉर्मिनपेक्षा कमी, आणि पावडरचे त्याहून छोटे डोस ज्यांना दिले होते त्यांच्यात म्हणण्यासारखं काही झालं नाही.

कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, ती असे सगळे अभ्यास गोळा करून चाळून बघते. त्यांनी 2012 मध्ये कारल्याचे चार अभ्यास घेतले, सगळे मिळून 479 माणसं, आणि निष्कर्ष काढला की कारलं वापरा असं सांगायला पुरेसा पुरावा नाही. नंतर 2019 मध्ये आणखी अभ्यास जोडून कोणीतरी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा एचबीए1सीमध्ये पाव टक्क्याच्या आसपास घट दिसली पण पुरावा कच्चाच आहे असं त्यांनीच लिहिलंय. आता तुलना करायची तर साधी मेटफॉर्मिन एक टक्का किंवा जरा जास्तच उतरवते आणि आमच्या दुकानात ती ज्यूसच्या ग्लासपेक्षा स्वस्त पडते (हे आपलं जाता जाता).

पण माझी तर कमी आली ना! फास्टिंग 160 होती ती 128 झाली, फक्त ज्यूसने.

फक्त ज्यूसने का? हे मी प्रत्येकाला विचारते आणि मग हळूहळू बाहेर येतं. ज्यूस पिणारा माणूस तो प्यायला सकाळी बागेपर्यंत चालत जातो, घरी येऊन पोहे थोडे कमी खातो, चहात साखर बंद केलेली असते, आणि कडू पिण्याचा त्रास वाया जाऊ नये म्हणून गोळी पण वेळेवर घ्यायला लागतो जी आधी आठवड्यातून दोनदा विसरायचा. यातलं नेमकं कशाने काय झालं ते कसं ठरवणार?

शिवाय फास्टिंग हा एकच आकडा रोज वीस-पंचवीसने इकडेतिकडे होतच असतो, रात्री जेवायला उशीर झाला, झोप नाही लागली, सर्दी झाली तरी हलतो. खरंच फरक पडलाय का ते बघायचं तर तीन महिन्यांनी एचबीए1सी करा, तेही मधल्या काळात बाकी काही न बदलता. असं करणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही, माझ्या आईसकट.

जर इतका कमी परिणाम आहे तर मग नुकसान तरी काय? भाजीच तर आहे.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इथेच लोक फसतात. "कमी परिणाम" याचा अर्थ शंभर माणसांची सरासरी काढली तर कमी. एखाद्याला काहीच होत नाही, एखाद्याची शुगर त्या दिवशी चांगली खाली येते, आणि आपण यातले कोण ते आधी कळत नाही. त्यात ज्यूसला माप नाही. गाड्यावरचा माणूस एका दिवशी तीन कारली टाकतो, दुसऱ्या दिवशी दीड कारलं आणि पाणी. हिरवंगार काटेरी छोटं कारलं वेगळं, लांब फिकट कारलं वेगळं, पिकत आलेलं वेगळं. गोळीवर 2 मिलिग्रॅम लिहिलं असेल तर आत 2 मिलिग्रॅमच असतं, ग्लासात काय आहे ते ग्लासालाच माहीत.

नुसता ज्यूस पिऊन, कसलीच गोळी न घेणाऱ्या मोठ्या माणसाची शुगर धोक्याइतकी खाली जाणं अवघड आहे. पण तुम्ही आधीच एक गोळी घेताय जी शुगर जोरात खाली ओढते, त्यावर हे न मोजलेलं दुसरं ओझं टाकलं, आणि त्यात नेमका उपास किंवा उशिरा जेवण आलं की मग गाडी घसरते. असं होऊ शकतं हे जुनं आहे, 1979 मध्ये लॅन्सेट या मेडिकल साप्ताहिकात इंग्लंडमधल्या एका पाकिस्तानी बाईची नोंद छापून आली होती, ती शुगरची क्लोरप्रोपामाइड ही गोळी घ्यायची आणि जेवणात कारल्याची भाजी आली की तिच्या लघवीतली साखर कमी दिसायची. ती गोळी आता कोणी फारशी देत नाही पण तिच्याच घराण्यातल्या गोळ्या आज आपल्याकडे घरोघरी आहेत.

कुठल्या गोळीसोबत धोका जास्त आणि कुठल्या कमी?

आधी तुमची स्ट्रिप हातात घ्या आणि उलटी करा. मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं ते सोडून द्या, त्याखाली बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा, चष्मा लावून वाचा.

तिथे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यातलं काही दिसलं तर सांभाळा. ही सगळी एकाच घराण्यातली, स्वादुपिंडाला चिमटा काढून इन्सुलिन सोडायला लावतात, आणि तुम्ही जेवलात की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. जेवण नसलं तरी इन्सुलिन सुटतच राहतं. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या गोळ्या इतक्या खपतात की बऱ्याच लोकांना वाटतं आपण "मेटफॉर्मिनच" घेतोय. नावाच्या शेवटी 1 किंवा 2 असा आकडा असेल तर बरेचदा तो ग्लिमेपिराइडचाच असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू, उलट थोडं जास्तच.

एकटी मेटफॉर्मिन असेल, किंवा नावाच्या शेवटी "ग्लिप्टिन" येणारी किंवा "ग्लिफ्लोझिन" येणारी गोळी असेल तर त्यांच्याने स्वतःहून शुगर फार खाली जात नाही. त्यांच्यासोबत भीती कमी. शून्य नाही म्हणत मी, कमी.

कोणाला खरंच असं झालेलं बघितलंय का, की उगाच घाबरवताय?

बघितलंय. आमच्याच गल्लीतले काका, वय 71, गोळी माझ्याच दुकानातून न्यायचे म्हणून मला जास्त लागलं. ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500 एकत्र असलेली, सकाळी नाश्त्याआधी एक आणि रात्री जेवणाआधी एक. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सकाळी फिरून आल्यावर बागेबाहेरच्या गाड्यावर कारल्याचा ज्यूस सुरू केला, आधी अर्धा ग्लास, मग पूर्ण. तीन आठवड्यांत फास्टिंग 140 वरून 98 वर आली. दुकानात येऊन मला तो आकडा अगदी कौतुकाने दाखवला होता आणि मी पण "वा काका" म्हटलं, विचारलं नाही की काय नवीन सुरू केलंय. ती माझी चूक, कारण त्या वयात त्या गोळीवर फास्टिंग अचानक शंभरच्या खाली येणं ही पेढे वाटायची नाही, विचारायची गोष्ट होती.

मग संकष्टी आली. पावणेसातला ज्यूस झाला, साडेसातला गोळी घेतली, कारण गोळी कधी चुकवायची नाही हे डोक्यात पक्कं, आणि खाल्लं काय तर बिनसाखरेचा चहा. चंद्रोदयापर्यंत काही नाही. अकराच्या सुमारास सुनेवर विनाकारण चिडले, कधी आवाज न चढवणारा माणूस, रिमोट कुठे आहे यावरून. मग गप्प बसले. बनियन घामाने चिंब, पंखा चालू असून. सुनेला वाटलं उकडतंय म्हणून असेल. साडेअकराला फोनवर कोणाशी तरी बोलताना शब्द अडखळायला लागले तेव्हा तिला धसका बसला, लकवा आला की काय, पण हुशार पोरगी, आधी मीटर लावला. 46.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी 61, परत तेवढीच दिली, मग 89. माणूस बोलायला लागला, उपास मोडल्याबद्दल कुरकुर पण केली. खिचडी खाल्ली आणि झोपले. सगळ्यांना वाटलं संपलं. दुपारी तीनला उठवायला गेले तर परत घामाघूम, मीटर 57. मग रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, रात्रभर ग्लुकोजचं सलाईन चालू ठेवलं, आणि रक्त तपासलं तेव्हा कळलं की क्रिएटिनिन 1.8 आहे, म्हणजे किडनी हळूहळू थकलेली आणि कोणाला पत्ताच नाही.

मग यात दोष ज्यूसचा की उपासाचा की गोळीचा?

सगळ्यांचा थोडा थोडा, आणि खरं सांगायचं तर ज्यूसचा वाटा किती ते कोणीच मोजून सांगू शकणार नाही. किडनी थकली की ग्लिमेपिराइडचे शरीरात जे तुकडे होतात ते बाहेर पडायला वेळ लागतो, गोळी जास्त वेळ काम करत राहते. म्हणजे काकांची गोळी आतल्या आत मोठी झालेली होती. त्यावर ज्यूस. त्यावर वाढवलेलं चालणं. आणि शेवटी रिकामं पोट. यातलं एक काढलं असतं तर कदाचित तो दिवस निघून गेला असता. ज्यूसची अडचण ही की बाकीच्या तीन गोष्टी डॉक्टर विचारतात किंवा तपासतात, ज्यूसबद्दल कोणी विचारत नाही आणि पेशंट सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध नाहीच मुळी.

मी तर रोज सकाळी मीटरवर फास्टिंग बघतो, मग मला आधी कळेलच ना?

नाही कळणार! हा घोळ खूप जण करतात. फास्टिंग तुम्ही ज्यूसच्या आधी बघता. त्यात रात्रीचा हिशेब दिसतो. सकाळचा ज्यूस आणि सकाळची गोळी यांचा मार बसतो तो त्यानंतर, साधारण अकरा ते एकच्या मध्ये, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या आधी, आणि त्या वेळी कोणी बोट टोचून बघत नाही. काकांच्या वहीत तीन आठवड्यांचे एकवीस आकडे होते, सगळे सकाळी सहाचे.

ज्यूस घेताच असाल तर निदान पहिले दोन आठवडे दुपारच्या जेवणाआधी बघा. तिथे सत्तर-ऐंशीच्या आसपास आकडे यायला लागले तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा, घाम फुटायची वाट बघू नका.

शुगर लो झाली हे ओळखायचं कसं?

मीटरवर 70 च्या खाली म्हणजे लो, 54 च्या खाली म्हणजे गंभीर. मीटर नसेल तर अंगावरून ओळखायचं. आधी हात थरथरतात, छातीत धडधड, एकदम कडकडून भूक, गार घाम. त्याच्या पुढे गेलं की मेंदूला साखर कमी पडते, मग चिडचिड, बरळणं, डोळ्यांपुढे अंधारी, चालताना झोक जाणं, बघणाऱ्याला वाटावं की माणूस पिऊन आलाय. रात्री झोपेत झालं तर उशी ओली होते, विचित्र स्वप्नं पडतात आणि सकाळी डोकं जड असतं.

म्हाताऱ्या माणसांत पहिला भाग बरेचदा येतच नाही, थेट चिडचिड नाहीतर सुस्ती. आणि बीपी किंवा हार्टसाठी ज्यांना मेटोप्रोलॉल, एटेनॉलॉल अशी शेवटी "लॉल" येणारी गोळी आहे त्यांची धडधड आणि थरथर ती गोळी दाबून टाकते, घाम मात्र येतो. म्हणून अशा माणसाला पंख्याखाली बसून कारण नसताना घाम आला की घरच्यांनी आधी मीटर शोधायचा.

लगेच काय द्यायचं? आमच्याकडे बिस्किट देतात.

बिस्किट नको, चॉकलेट नको, त्यातल्या मैद्याने आणि तुपाने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. तीन-चार छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, साधारण 15 ग्रॅम होतं तेवढं. पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, 70 च्या वर नसेल तर परत तेवढंच. वर आलं की मग पोळी, भात, खिचडी काहीतरी खरं जेवण.

इथे एक गोष्ट आहे जी आमच्या काउंटरवरसुद्धा सांगायची राहून जाते. तुमच्या स्ट्रिपवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलंय का बघा, तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीत बरेचदा व्होग्लिबोज असतं. त्याचं कामच हे की आतड्यात साखर फुटू द्यायची नाही. आपली घरातली साखर आधी फुटावी लागते मगच ती रक्तात जाते, त्यामुळे या माणसाला साखरपाणी पाजून तुम्ही वाट बघत बसाल आणि आकडा हलणारच नाही लवकर. त्याला ग्लुकोज पावडरच लागते, ती आधीच फुटलेली असते. अशांच्या घरी ग्लुकोजचा डबा कपाटात आणि एक पुडी खिशात पाहिजे.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा.

एकदा साखर देऊन बरं वाटलं तर दवाखान्यात कशाला न्यायचं?

काकांचं तीन वाजताचं वाचलंत ना वर, त्यासाठीच. ग्लिमेपिराइडचं काम जवळपास दिवसभर चालतं आणि दिलेली साखर दोन तासांत संपते. साखर संपली, गोळी शिल्लक, की परत लो. म्हणून या घराण्यातल्या गोळीने लो झालेल्या माणसाला, त्यातून वय जास्त किंवा किडनी कमजोर असेल तर, दवाखान्यात नजरेखाली ठेवतात. आणि घरी असाल तर पुढची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

ज्यूस सुरू केलाय तर गोळी अर्धी केली तर चालेल? म्हणजे लो पण होणार नाही.

नाही चालणार, आणि हा उलटा खड्डा आहे. ज्यूस आज आहे उद्या नाही, गावाला गेलात बंद, कंटाळा आला बंद, आणि अर्धी गोळी मात्र तशीच चालू राहते. मग दोन-तीन महिन्यांनी एचबीए1सी नऊवर. शुगर वाढलेली दुखत नाही ना, म्हणून कळत नाही.

टाइप 1 असेल, लहानपणापासून इन्सुलिनवर असलेला कोणी, तर ज्यूसच्या भरवशावर इन्सुलिन कमी करायचा विचारसुद्धा नको, दोन-तीन दिवसांत जिवावर बेततं.

ठीक आहे, तरी मला घ्यायचाच आहे. कसा घेऊ?

मला माहितीये तुम्ही घेणारच, म्हणून हे पण लिहिते. आधी डॉक्टरांना सांगा, लाजू नका, त्यांनी रागावलं तरी सांगा, कारण किडनीची तपासणी बघून कदाचित ते ग्लिमेपिराइडच कमी करतील किंवा बदलतील. घरी काढा, रोज सारखं एकच मध्यम कारलं, बिया काढून, म्हणजे निदान माप तरी थोडंफार राहील. त्यानंतर नाश्ता चुकवायचा नाही. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, ज्या दिवशी जेवण वेळेवर नाही त्या दिवशी ज्यूस नाही, आणि त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. उलट्या, जुलाब, ताप असेल तरी ज्यूस बंद. कुठलं ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधीपासून बंद आणि भूलतज्ज्ञांना तसं सांगा. पोटात कळ, जळजळ, जुलाब झाले तर "सवय होईल" म्हणत रेटू नका.

गरोदर बाईने घेऊ नये. लहान मुलांना तर अजिबात नको, उपाशीपोटी कारल्याचा काढा पाजल्यावर मुलं झटके येऊन बेशुद्ध झाल्याच्या नोंदी आहेत आणि त्या मुलांना डायबेटीस नव्हता. ज्यांना जी-6-पीडीची कमतरता आहे (रक्तातला एक जन्मजात दोष) त्यांनीही लांब राहावं, कारल्याच्या बियांत व्हिसिन नावाचा घटक असतो त्याने त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

दुधी आणि कारलं मिक्स करून घेतला तर? गाड्यावर तोच जास्त चालतो.

हा मिक्स बंद करा, आणि इथे मी "डॉक्टरांना विचारा" वगैरे म्हणत नाहीये, सरळ बंद करा. दुधी क्वचित कधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष जास्त असतं म्हणून तो कडू असतो. नुसता दुधी असेल तर पहिल्या घोटाला जीभ सांगते आणि आपण थुंकून टाकतो. कारल्यासोबत घेतला की सगळंच कडू, जिभेला कळणार कसं? 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा दुधी-कारल्याचा ज्यूस पिऊन मृत्यू झाला होता, ते आणि त्यांच्या पत्नी दोघंही रोज घ्यायचे. त्यानंतर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने तज्ज्ञांची समिती बसवली आणि त्यांनी सांगितलं की दुधी आधी चाखून बघा, कडू लागला तर फेका, आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. असा ज्यूस प्यायल्यावर उलट्या, पोटात मुरडा, उलटीत रक्त असं काही झालं तर थेट हॉस्पिटल गाठा.

कारल्याची पावडर, कॅप्सूल घेतल्या तर बऱ्या नाहीत का? त्यात माप असतं.

चांगल्या कंपनीच्या असतील तर माप असतं, पण पुरावा तेवढाच कच्चा आणि गोळीसोबतचा धोका तोच. मला भीती वाटते ती बिनलेबलच्या पुडीची, कोणी ओळखीचा गावाकडून आणतो आणि "आठ दिवसांत शुगर नॉर्मल" म्हणतो. शुगरच्या अशा "हर्बल" औषधांत ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळीच कुटून घातलेली सापडल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत झालेल्या आहेत. आठ दिवसांत खरंच नॉर्मल झाली तर मला आनंद नाही होत, मी विचारते पुडी बघू.

भाजी खाल्ली तर चालते ना? की ती पण बंद?

खा की, मजेत खा. मीठ लावून पिळलेल्या कारल्याच्या काचऱ्या, कांदा-खोबरं भरलेली कारली, जेवणात पोळीसोबत वाटीभर भाजी येते आणि सोबत बाकीचं ताट असतंच, म्हणजे रिकाम्या पोटाचा प्रश्न येत नाही. ते 1979 चं प्रकरण भाजीचंच होतं हे मान्य, म्हणून कधी नाही ते रोज दोन्ही वेळ कारलंच असं सुरू करणार असाल तर मीटरवर लक्ष ठेवा, एवढंच. आणि भाजीत गूळ बेताने घाला, आमच्याकडे चिंच-गुळाची कारली करताना एवढा मोठा खडा पडतो की कारल्याने काय उतरवायची ती शुगर गुळानेच चढते.

काका आता बरे आहेत. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड काढून दुसरी गोळी दिली, संकष्टीला दूध-केळं खातात आणि कारल्याची भाजी सुनेच्या हातचीच लागते.